व्हिडिओतील चॅप्टर आणि टाइमस्टॅम्प

लांब व्हिडिओचे नावे दिलेले भाग पाडून प्रत्येक भागाच्या सुरुवातीची वेळ नोंदवण्याची पद्धत. वेळेच्या नोंदीला टाइमस्टॅम्प म्हणतात आणि दोन नोंदींमधल्या भागाला चॅप्टर. डीव्हीडीवर चॅप्टर पूर्वीपासून होतेच. यूट्यूबवर मात्र बरीच वर्षे प्रेक्षकच कमेंटमध्ये ‘गाणे कुठे सुरू होते’ याची वेळ लिहीत, आणि त्या आकड्यावर दाबले की व्हिडिओ तिथे जाई. मे २०२० मध्ये यूट्यूबने या सवयीला रीतसर रूप दिले. व्हिडिओ टाकणाऱ्याने डिस्क्रिप्शनमध्ये वेळांची यादी लिहिली की व्हिडिओखालची पट्टी तुकड्यांत विभागली जाते आणि ज्या तुकड्यावर बोट किंवा माउस जाईल त्याचे नाव दिसते.

मराठीत या सोयीचा सर्वांत चांगला उपयोग कीर्तनाच्या रेकॉर्डिंगला होतो, कारण नारदीय कीर्तनाची बांधणीच भागांची आहे. नमन, मूळ अभंग, त्यावरचे निरूपण म्हणजे पूर्वरंग, मध्ये नामगजर, मग आख्यान सांगणारा उत्तररंग आणि शेवटी पुन्हा मूळ अभंगाकडे येऊन भैरवी व आरती. ऐकणाऱ्यांच्या गरजाही वेगवेगळ्या असतात. कोणाला फक्त आख्यान हवे असते, तर कीर्तन शिकणाऱ्याला पूर्वरंगातली एकच जागा दहा वेळा ऐकायची असते.

समजा, दामाजीपंतांच्या आख्यानाचे पावणेदोन तासांचे कीर्तन आहे. त्याची यादी अशी होईल :

```
0:00 नमन
5:40 मूळ अभंग
9:25 पूर्वरंग
48:10 नामगजर
54:30 मंगळवेढ्याचा दुष्काळ
1:09:45 बिदरचे बोलावणे
1:21:05 विठूने केलेली भरपाई
1:36:20 पुन्हा मूळ अभंग, भैरवी
1:43:00 आरती
```

यादीचे नियम थोडे आहेत, पण एकही मोडला तरी पट्टी विभागली जात नाही. पहिली नोंद `0:00` हीच हवी. किमान तीन नोंदी हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा हवा. शीर्षके मराठीत लिहावीत, वेळेचे आकडे मात्र वरच्यासारखे 0 ते 9 या चिन्हांत आणि मध्ये विसर्गासारखे दोन टिंब देऊन लिहावेत.

चूक कुठे झाली ते ओळखण्याची खूण सोपी आहे. डिस्क्रिप्शनमधले आकडे निळे झाले, त्यांवर दाबले की उडीही बसते, पण पट्टी अखंडच राहिली, तर वेळा ओळखल्या गेल्या आहेत आणि यादीचा एखादा नियम मोडला आहे. बहुधा `0:00` राहिलेले असते, कारण नमनाला वेगळे नाव कशाला, असे वाटून लोक यादी थेट मूळ अभंगापासून सुरू करतात. दुसरी नेहमीची चूक तास विसरण्याची. एक तास नऊ मिनिटांसाठी `1:09` लिहिले तर ते एक मिनिट नऊ सेकंद होते, आणि चढता क्रम तिथेच मोडतो. सगळे नियम पाळूनही चॅप्टर दिसले नाहीत तर चॅनेलला नियमभंगाबद्दल यूट्यूबचा इशारा म्हणजे स्ट्राइक मिळाला आहे का ते पाहावे. तशा चॅनेलला ही सोय मिळेलच असे नाही.

नियम पाच मिनिटांत समजतात. खरे काम खूण नेमकी कुठे ठेवायची हे ठरवण्याचे आहे. संगणकावर `K` ने व्हिडिओ थांबतो, `J` ने १० सेकंद मागे आणि `L` ने १० सेकंद पुढे जातो. एवढ्या तीन कळांवर जागा सापडते. आख्यानात मध्येच साकी किंवा दिंडी येते आणि खूण त्या पदाच्या पहिल्या सुरावर ठेवण्याचा मोह होतो. पण पद ज्या वाक्यातून उगवते ते वाक्य सुटले तर ऐकणारा कथेबाहेरच उभा राहतो. म्हणून खूण त्या वाक्याच्याही एक-दोन सेकंद आधी, बुवा श्वास घेतात तिथे ठेवावी. नामगजराचे उलट आहे. तिथे टाळांचा पहिला ठोका हीच सुरुवात.

शीर्षक लहान हवे, कारण फोनवर लांब नाव कापले जाते. ‘भाग १’, ‘भाग २’ अशी नावे देण्यापेक्षा चॅप्टर न दिलेले बरे. त्यांतून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. आख्यानातला प्रसंग, अभंगाचे पहिले शब्द किंवा रागाचे नाव, यांपैकी जे लोक शोधतील ते लिहावे. यूट्यूब स्वतःहूनही चॅप्टर पाडते, पण हाताने यादी दिली की तीच दाखवली जाते.

सगळ्यात त्रासदायक घोटाळा होतो तो थेट प्रक्षेपणात. कॅमेरा लवकर सुरू झालेला असतो आणि पहिली काही मिनिटे रिकामे व्यासपीठ आणि तंबोरा लावणे एवढेच दिसते. नंतर कोणीतरी हा भाग कापतो. आपल्या उदाहरणात ३ मिनिटे २० सेकंद कापली असे धरू. आधीच्या यादीत दुष्काळाचा प्रसंग `57:50` ला होता, तो आता `54:30` ला आला. डिस्क्रिप्शन मात्र आपोआप बदलत नाही, त्यामुळे प्रत्येक खूण ३ मिनिटे २० सेकंद पुढे पडते आणि ऐकणारा दुष्काळाची सुरुवात चुकवून थेट मधल्या वर्णनात जातो. सगळ्या खुणा सारख्याच अंतराने चुकत असतील तर कारण सुरुवातीची काटछाट हेच समजावे. अमुक जागेपर्यंत बरोबर आणि पुढे चूक असेल, तर काप मध्येच आहे. म्हणून यादी करायची ती कापाकापी संपल्यावरच. श्रोत्यांनी कमेंटमध्ये लिहिलेल्या जुन्या वेळा मात्र तशाच चुकीच्या राहतात आणि त्यांना इलाज नाही.

एकच प्रसंग कोणाला पाठवायचा असेल तर व्हिडिओच्या लहान दुव्याच्या शेवटी सेकंद जोडतात. ५४ मिनिटे ३० सेकंद म्हणजे ३,२७० सेकंद, म्हणून `?t=3270`. दुव्यात आधीच `?` असेल तर त्याजागी `&t=3270`. ऐकताना पुढच्या चॅप्टरवर जायला संगणकावर `Ctrl` आणि उजवा बाण पुरतो.

ही यादी डिस्क्रिप्शनमध्ये असते, व्हिडिओच्या फाइलमध्ये नाही. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घालून गावी पाठवली की खुणा मागेच राहतात. त्या फाइलमध्येच घालायच्या तर एफएफएमपेग या मोफत साधनासाठी वेगळी मजकूर-फाइल करतात. तिच्यात प्रत्येक भागाची सुरुवात आणि शेवट सेकंदाच्या हजाराव्या भागात लिहितात :

```
;FFMETADATA1
[CHAPTER]
TIMEBASE=1/1000
START=3270000
END=4185000
title=मंगळवेढ्याचा दुष्काळ
```

सगळे भाग असे एकाखाली एक लिहून झाले की पुढची आज्ञा द्यायची :

```
ffmpeg -i kirtan.mp4 -i chapters.txt -map_metadata 1 -codec copy kirtan2.mp4
```

`-codec copy` मुळे चित्र आणि आवाज पुन्हा घडवले जात नाहीत. दर्जा तसाच राहतो आणि काम लवकर होते. मजकूर-फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी. नवी फाइल व्हीएलसीमध्ये उघडून प्लेबॅकच्या यादीतला चॅप्टरचा पर्याय पाहिला की नऊही नावे तिथे दिसली पाहिजेत.