फ्लशिंग (शेळ्या-मेंढ्यांचा माजाआधीचा जादा खुराक)

नर सोडायच्या आधी साधारण ३ आठवडे शेळ्या-मेंढ्यांना रोजच्या चराईवर जादा खुराक द्यायचा आणि नर लागल्यावरही तो २-३ आठवडे चालू ठेवायचा, याला फ्लशिंग म्हणतात. माद्या वेळेत गाभण राहाव्यात आणि जुळी जास्त मिळावीत यासाठी हे करतात. बरेच जण समजतात की जनावर जाड करायचंय, पण तसं नाही. अंगावर मांस चढायला महिने लागतात, अंडाशयाला मात्र खाण्यातला बदल काही दिवसांतच कळतो.

प्रत्येक माजाच्या वेळी अंडाशयात बऱ्याच बीजपुटिका, म्हणजे बीज असलेल्या बारीक पिशव्या, वाढायला लागतात, त्यातली एखाद-दुसरीच शेवटपर्यंत टिकते आणि बाकीच्या मधेच जिरून जातात. खाण्यातून ऊर्जा वाढली की रक्तात ग्लुकोज आणि इन्सुलिन वाढतं, मग जिरणाऱ्यातली एखादी जास्तीची टिकून जाते. दोन बीजं सुटली आणि दोन्ही रुजली तर जुळी. म्हणजे खुराक नवीन काही तयार करत नाही, वाया जाणारं वाचवतो एवढंच.

म्हणूनच कुणाला द्यायचा हे आधी बघावं लागतं. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर हात ठेवून दाबायचं. मणक्याची हाडं थोडी टोचतात पण वर मांसाचा थर लागतो, अशा मध्यमपेक्षा जरा हडकुळ्या शेळीला (५ पैकी २ ते २.५ गुण) फरक चांगला पडतो. आधीच गुबगुबीत असलेलीला देऊन काही हाती लागत नाही, पेंडीचे पैसे गेले. आणि जी पार हाडांचा सापळा झालीय तिला ३ आठवडे पुरत नाहीत, तिचं पिल्लू दुधापासून लवकर तोडून दोन-अडीच महिने आधीपासूनच सांभाळावं लागतं.

जातीचा भाग तर मोठा आहे. उस्मानाबादी शेळीला जुळी तशीही होतात, तिच्यात खुराकाचा परिणाम दिसतो. दख्खनी मेंढी मुळात एकच कोकरू देणारी, तिला पोतंभर मका चारला तरी कळपभर जुळी येणार नाहीत, तिच्यात फायदा दिसतो तो गाभण राहण्यात. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली ती याचसाठी, जे खुराकाने होत नव्हतं ते रक्तातून आणलं.

समजा २० उस्मानाबादी शेळ्या आहेत आणि बोकड १५ जूनला सोडायचाय. उन्हाळ्यात चारा संपलेला, शेळ्या उतरलेल्या, म्हणजे फ्लशिंगला अगदी योग्य वेळ. जंताचं औषध मेच्या मध्यावरच द्यायचं, नंतर नको, कारण अल्बेंडाझोलसारखं औषध गर्भाच्या पहिल्या महिन्यात धोक्याचं असतं. २५ मेपासून ३ भाग मक्याचा भरडा आणि १ भाग शेंगदाणा पेंड असं मिश्रण प्रत्येकीला ५० ग्रॅमपासून सुरू करायचं आणि आठवड्याभरात २५० ग्रॅमवर न्यायचं, शक्यतो दोन वेळा विभागून. पूर्ण मात्रेला दिवसाला ५ किलो लागतात, सगळे ६ आठवडे धरले तर साधारण २०० किलो. पहिल्याच दिवशी पाटीभर ओतलं तर पोटात आम्ल होतं, शेळी सुस्त पडते, हगवण लागते, आणि एखादी दगावतेही. गव्हाणीत जागा कमी असेल तर दांडग्या शेळ्या सगळं ओढतात आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्याच उपाशी, म्हणून हडकुळ्यांचा गट वेगळा बांधलेला बरा.

बोकड लागल्यावर खुराक एकदम तोडू नये, गर्भ गर्भाशयाला चिकटेपर्यंत २-३ आठवडे लागतात आणि त्या काळात उपासमार, लांबची पायपीट किंवा भिजणं झालं तर तो जिरून जातो. पण वाढवूही नये. मेंढ्यांत असं दिसलंय की लागल्यावर फार चारलं तर यकृत प्रोजेस्टेरॉन जास्त वेगाने काढून टाकतं आणि गर्भ टिकवणारं हार्मोनच कमी पडतं. पाऊस वेळेवर होऊन कोवळं गवत आलं असेल तर भरडा हळूहळू कमी केला तरी चालतं, ते गवतच खुराकाचं काम करतं.

लागलं की नाही हे कळायला बोकडाच्या छातीला गेरू तेलात कालवून लावतात, लागलेल्या शेळीच्या पाठीवर डाग उठतो. शेळीचा माज साधारण २१ दिवसांनी फिरतो (मेंढीचा १७), म्हणून तेवढ्या दिवसांनी रंग बदलायचा. नवा रंग दिसला म्हणजे ती गाभण न राहता पुन्हा माजावर आली, म्हणजे उलटली. थोड्या उलटणारच, पण निम्म्याहून जास्त उलटल्या तर खुराकाच्या मागे न लागता आधी बोकड तपासावा.

आणि जुळी नकोशी असणाराही माणूस असतो. पाठीवर बिऱ्हाड घेऊन कळपामागे फिरणाऱ्या धनगराला कमी दुधाच्या मेंढीखाली दोन अशक्त कोकरं म्हणजे वैताग, त्यापेक्षा एक धडधाकट परवडतं. अशा कळपात खुराक फक्त हडकुळ्या आणि मागच्या वर्षी भाकड राहिलेल्यांनाच देतात.