लघवीत ‘प्रोटीन १+’ आलं, म्हणजे नेमकं काय?
गरोदर ताईंसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक

आमची पॅथॉलॉजी लॅब सांगलीत आहे. तासगाव, पलूस, मिरज या बाजूंनी गरोदर बायका रोज तपासणीला येतात. रिपोर्ट हातात घेतल्यावर बहुतेकींच्या घरच्यांचा एकच प्रश्न असतो: ‘यात प्रोटीनपुढं प्लस आलंय, काळजीचं आहे का?’ काउंटरवर उभ्या उभ्या याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक. निदान मात्र तुमचे डॉक्टरच करतील. तपासणी कशी वाचतात आणि ती कुठं फसवू शकते, एवढंच आम्ही इथं सांगतोय.

गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर बीपी वाढू लागतं आणि त्यासोबत लघवीतून प्रोटीन जातं किंवा मूत्रपिंड, यकृत, रक्त, मेंदू यांपैकी कशावर तरी ताण दिसतो, त्या आजाराला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. त्याचं मूळ वारेत आहे. गर्भाशयाच्या भिंतीतल्या ज्या बारीक रक्तवाहिन्यांनी सुरुवातीला सैल आणि रुंद व्हायला हवं, त्या अरुंदच राहतात. वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. वाहिन्या आवळतात, म्हणून बीपी चढतं. मूत्रपिंडातल्या चाळण्या गळू लागतात, म्हणून एरवी रक्तातच राहणारं प्रोटीन लघवीत उतरतं. हे सासूबाईंच्या रागावण्यानं होत नाही आणि सुनेनं जास्त मीठ खाल्ल्यानंही होत नाही. ‘बीपी आहे, मीठ बंद करा’ हा सल्ला घरोघरी मिळतो, पण मीठ तोडून हा आजार टळत नाही.

आता प्लसकडे येऊ. लघवीच्या डबीत बुडवलेल्या पट्टीचा प्रोटीनचा चौकोन पिवळा असतो. प्रोटीन असेल तर तो हिरवट होत जातो. तो रंग ठरलेल्या वेळी, साधारण एका मिनिटानं, डबीवरच्या तक्त्याशी ताडून बघतात. १+ म्हणजे दर डेसिलीटरला अंदाजे ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे अंदाजे १०० आणि ३+ म्हणजे अंदाजे ३००. खरी मेख इथंच आहे. पट्टीला लघवी किती घट्ट आहे ते कळत नाही. दिवसभर शेतात भांगलण करून आलेली, पाणी न प्यायलेली बाई आणि लॅबमध्ये येण्याआधी तांब्याभर पाणी पिऊन आलेली बाई, दोघींच्या मूत्रपिंडांचं काम सारखंच असलं तरी पट्टीचा रंग वेगळा येऊ शकतो. शिवाय अंगावरून जाणारं पांढरं पाणी, रक्ताचा थेंब किंवा लघवीतला जंतुसंसर्ग यांनीही प्लस येतं. म्हणूनच पहिल्या धारेची लघवी घेऊ नका. धुऊन घ्या, थोडी लघवी जाऊ द्या आणि मधली धार डबीत घ्या.

घट्टपणाची ही अडचण काढायला प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचा रेशो आहे. क्रिएटिनिन शरीरातून रोज जवळपास ठरावीक प्रमाणात बाहेर पडतं. लघवी घट्ट असली की तेही जास्त दिसतं, पातळ असली की कमी. एकाला दुसऱ्यानं भागलं की पाण्याचा हिशेब आपोआप सुटतो.

समजा दोन बायका आल्या. दोघींची पट्टी १+. पहिलीच्या लघवीत प्रोटीन ५२ मिलिग्रॅम आणि क्रिएटिनिन २२० मिलिग्रॅम निघालं. ५२ ला २२० नं भागलं की ०.२४ येतात. दुसरीच्या लघवीत प्रोटीन ४८, म्हणजे पहिलीपेक्षा कमीच. पण क्रिएटिनिन फक्त ६०. ४८ ला ६० नं भागलं की ०.८ येतात. गरोदरपणात हा रेशो ०.३ किंवा त्याहून जास्त आला तर प्रोटीन खरोखर वाढलंय असं धरतात. म्हणजे पहिलीचं १+ हे बहुतेक घट्ट लघवीचं आणि दुसरीचं १+ हे गळत्या चाळणीचं. नुसती पट्टी पाहिली असती तर दोघी सारख्याच वाटल्या असत्या.

दुसऱ्या बाईचंच उदाहरण जरा पुढं नेऊ, कारण असे रिपोर्ट आमच्याकडे येतात. पहिलटकरीण, सातव्या महिन्यात ओटीभरण होऊन माहेरी आलेली. सासरच्या दवाखान्यातली फाईल तिकडंच राहिली. चौतिसाव्या आठवड्यात इथल्या डॉक्टरांना बीपी १३२/८६ मिळालं. १४०/९० च्या आत आहे, म्हणून घरचे निश्चिंत. दोन दिवसांनी सासरहून फाईल आली. त्यात तिसऱ्या महिन्यातलं बीपी होतं ९८/६०. निदानाची रेषा १४०/९० चीच आहे आणि १३२/८६ वर कोणी प्री-एक्लॅम्पसिया म्हणणार नाही. पण जिचं मुळात ९८ असतं तिचं १३२ होणं आणि जिचं कायमच १२४ असतं तिचं १३२ होणं, यांकडे डॉक्टर वेगळ्या नजरेनं पाहतात. तिला आठवड्याऐवजी दोन दिवसांनी बोलावलं. तेव्हा १४४/९४. चार तास थांबवून पुन्हा मोजलं, १४२/९२. रेशो ०.८. इथं निदान पूर्ण झालं. एकदाच वाढलेल्या आकड्यावर शिक्का मारत नाहीत, किमान चार तासांच्या अंतरानं दोनदा बघतात. अपवाद एकच: १६०/११० किंवा वर. तिथं चार तास थांबायचं नसतं. दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा मोजून लगेच औषध सुरू करतात, कारण एवढ्या दाबानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणून माहेरी येताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि सासरची फाईल आधी पिशवीत टाका, साड्या मग.

बीपीचा आकडाही फसवतो. जिना चढून आल्या आल्या मोजलं तर चढलेलं दिसतं. मिश्री लावून आल्यावरही तसंच, कारण मिश्रीत तंबाखू आहे आणि तंबाखूतलं निकोटिन बीपी चढवतं. (मिश्री गरोदरपणात सोडावीच, पण निदान मोजण्याआधी अर्धा तास तरी नको.) पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसा. दंड काळजाच्या पातळीला हवा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, छोट्या पट्ट्यानं आकडा फुगतो. उलट चूकही होते. डाव्या कुशीवर झोपून वरच्या हातावर मोजलं की आकडा खोटा कमी येतो, आणि ‘झोपल्यावर उतरलं की’ म्हणून सगळे समाधान मानतात. घरी मशीन असेल तर ते गरोदरपणात वापरण्यासाठी तपासलेलं मॉडेल आहे का ते बघा आणि एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या आकड्याशी ताडून घ्या. काही मशीन या आजारात कमी आकडा दाखवतात.

प्रोटीन नाही म्हणजे आजार नाही, असंही समजू नका. बीपी वाढलेलं आहे आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या, रक्तातलं क्रिएटिनिन १.१ च्या वर गेलं किंवा यकृताचे एन्झाइम नेहमीच्या मर्यादेच्या दुपटीवर गेले, तर लघवी स्वच्छ असूनही तो प्री-एक्लॅम्पसियाच. म्हणून डॉक्टर लघवीसोबत रक्तही काढायला सांगतात. लॅब पैसे वाढवायला जादा तपासण्या लावते, असा काहींचा समज असतो. या तीन तपासण्यांच्या बाबतीत तो मनातून काढा. आणि एकदा निदान झाल्यावर ‘परवा ०.८ होतं, आज किती झालं’ म्हणून रोज रेशो करून घेण्यात फारसा अर्थ नसतो. प्रोटीन किती वाढलं यावर बाळंतपण कधी करायचं ते ठरत नाही. ते बीपी, लक्षणं, रक्ताचे रिपोर्ट, आठवडे आणि बाळाची वाढ यांवर ठरतं.

लक्षणांबद्दल थोडं सविस्तर. पायांवरची सूज गरोदरपणात बहुतेकींना येते, तिच्यावरून काही ठरत नाही. पण सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, बोटातली अंगठी अचानक घट्ट झाली, आठवड्यात वजन भराभर वाढलं, तर त्याच दिवशी बीपी मोजा. पॅरासिटामॉल घेऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढं काजवे चमकणं, अंधुक दिसणं, धाप लागणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. सर्वांत जास्त चकवणारं लक्षण म्हणजे छातीखाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं आणि उलट्या. घरात त्याला पित्त म्हणतात आणि आमसूल, सोडा, पित्ताच्या गोळ्या सुरू होतात. पित्त खरोखर असूही शकतं. पण सहाव्या महिन्यानंतर हे दुखणं नव्यानं सुरू झालं असेल तर ते यकृत सुजल्याचं असू शकतं. गोळी देण्याआधी बीपी मोजा. फिट आली तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका आणि १०८ ला फोन करा.

बाळंतपण झालं, वार पडली, की आजार उतरणीला लागतो, पण लगेच संपत नाही. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा चढतं, म्हणजे नेमकं घरी सोडल्यावर. त्या दिवसांत बाळंतिणीचं डोकं दुखलं की ‘वारं लागलं’, ‘झोप नाही’, ‘सिझेरिनला पाठीत इंजेक्शन दिलं होतं ना’ अशी कारणं निघतात. गरोदरपणात ज्यांचं कधीच वाढलं नव्हतं त्यांचंही या काळात वाढू शकतं. त्या आठवड्यात आशाताईंना बीपी बघायला सांगा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा. बीपीच्या गोळ्या सुरू असतील तर स्वतःहून बंद करू नका. या काळात लघवी तपासायची झाली तर अंगावरून जाणाऱ्या रक्तामुळं प्लस खोटं येतं. तसं असेल तर डबी देताना आमच्या मुलींना सांगा.

चोवीस तासांची लघवी सांगितली असेल तर सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या, वेळ लिहून ठेवा आणि तिथून पुढची प्रत्येक लघवी कॅनमध्ये घ्या, दुसऱ्या दिवशी त्याच वेळची धरून. मध्ये एकदाची लघवी कॅनबाहेर गेली तर लपवू नका, सांगा. चोवीस तासांत ३०० मिलिग्रॅम प्रोटीन ही वाढीची रेषा धरतात, आणि अर्धवट गोळा केलेल्या लघवीतून ती खोटी चुकते.

सॅम्पल देताना फॉर्मवर किती आठवडे झाले ते आणि तुमच्या डॉक्टरांचा मोबाईल नंबर लिहा. रेशो ०.३ च्या वर किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली आल्या तर रिपोर्ट छापून व्हायची वाट न पाहता आम्ही थेट डॉक्टरांना फोन करतो.