रस्त्यावरील प्रदेशखुणा (कोल्हापूर)

टपालपेटी, गटाराचे झाकण, पदपथाची फरशी अशा वस्तूंवरून ठिकाण ओळखण्याची पद्धत. कोल्हापूर परिसरात ती विशेष कसाला लागते, कारण दक्षिणेला कर्नाटकची हद्द जवळ आहे आणि पश्चिमेला घाट उतरला की कोकण. भाषेवर विसंबून इथे भागत नाही. निपाणी कर्नाटकात आहे, तरी तिथे मराठी पाट्या दिसतात.

अशा वेळी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे टपालपेटीवरचा पिनकोड. लाल रंग सगळीकडे सारखाच, त्यावरून काही ठरत नाही. पण १९७२ साली सुरू झालेल्या या सहा आकड्यांतले पहिले तीन पुष्कळ सांगतात. कोल्हापूरचे ४१६, निपाणीचे ५९१. पहिलाच आकडा ५ दिसला की आपण महाराष्ट्राबाहेर आहोत, मग दुकानांच्या पाट्या काहीही म्हणोत. पेटी पुन्हा रंगवताना हे आकडे बुजतात. तेव्हा तिरप्या उजेडात जुन्या अक्षरांचा उठाव शोधावा.

मात्र ४१६ म्हणजे कोल्हापूरच, असे समजणे चूक. सांगली आणि सिंधुदुर्गातही तेच आकडे चालतात. गडहिंग्लज ४१६५०२ आणि सावंतवाडी ४१६५१०: पहिले चार आकडे एकच, मध्ये आंबोलीचा घाट. समजा, पेटीवर ४१६५ एवढेच वाचता येते. मग पेटीमागची भिंत आणि गटाराची कड पाहावी. काळा, घट्ट बेसाल्ट असेल तर कौल देशावरच्या गडहिंग्लजकडे; तांबडा, भोके असलेला जांभ्याचा चिरा असेल तर सावंतवाडीकडे. इथेही सावधगिरी हवी. चंदगडच्या बाजूला घाटमाथ्यावरही जांभा सापडतो, तेव्हा केवळ तांबड्या दगडावरून कोकण म्हणू नये. माड, उतरती कौलारू छपरे असा दुसरा पुरावा जोडीला घ्यावा.

गटाराच्या झाकणावरची अक्षरे जपून वाचावीत. महापालिकेचे नाव असेल तर ती पक्की खूण. फाउंड्रीचे नाव मात्र झाकण कुठे ओतले तेवढेच सांगते. कोल्हापूर ओतकामाचे मोठे केंद्र आहे, त्यामुळे उद्यमनगर किंवा शिरोलीचे नाव असलेला बिडाचा नग कोणत्याही गावात बसवलेला असू शकतो. ‘एचडी २०’ किंवा ‘एमडी १०’ ही झाकणाची भारक्षमता, टनांत. तिचा प्रदेशाशी संबंध नाही, पण झाकण रहदारीच्या रस्त्यासाठी आहे की हलक्या वापरासाठी, याचा अंदाज त्यावरून येतो.

सिमेंटचे नागमोडी पेव्हर ब्लॉक देशभर मिळतात, म्हणून खूण म्हणून त्यांचे मोल थोडे. अग्निशमनाचे हायड्रंटही बहुधा कारखान्यांच्या आणि मोठ्या इमारतींच्या आवारात दिसतात. त्यांवरून गाव ठरवण्याच्या भरीस पडू नये.