प्रौढांमधील डांग्या खोकला

बोर्डेटेला पर्टुसिस या जिवाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा संसर्ग. ग्रामीण भागात याला माकडखोकला असेही म्हणतात. हा लहान मुलांचा आजार अशी समजूत असली, तरी तो मोठ्यांनाही होतो, कारण बालपणीच्या लशीचे संरक्षण काही वर्षांत ओसरते. सरकारी लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळणाऱ्या टीडी लशीत धनुर्वात आणि घटसर्पाचा अंश असतो, डांग्या खोकल्याचा नसतो.

सुरुवात साध्या सर्दीसारखी होते. एक-दोन आठवड्यांनी उबळी सुरू होतात. एकाच उच्छ्वासात लागोपाठ ढास लागते, छाती रिकामी होते आणि मग आत ओढलेल्या श्वासाचा ‘हूप’ असा आवाज येतो. मोठ्यांची श्वासनलिका रुंद असते आणि जुन्या लशीची थोडी प्रतिकारशक्ती शिल्लक असते, त्यामुळे हा आवाज बहुधा ऐकूच येत नाही. त्याऐवजी माणूस श्वासासाठी धडपडतो किंवा ओकतो. उबळीनंतर उलटी होणे ही प्रौढांमध्ये संशय वाढवणारी महत्त्वाची खूण आहे. मात्र ती नसली म्हणून आजार नाही असे ठरत नाही. ताप नसतो किंवा अगदी थोडा असतो. दोन उबळींच्या मध्ये रुग्ण धडधाकट दिसतो, छातीला नळी लावली तर काही सापडत नाही, आणि रात्री मात्र घर जागे होते. जोरामुळे बरगडी मोडणे, लघवी निसटणे, क्षणभर शुद्ध हरपणे हेही घडते.

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बांधकामांवर किंवा नवी मुंबईत औद्योगिक पट्ट्याच्या हवेवर असा खोकला सहज ढकलला जातो. धुळीने खोकला येतोच, पण अमुक दिवशी सर्दी, मग उबळी, मग घरातल्या दुसऱ्याला तेच, असा क्रम धूळ घडवत नाही.

निदानात खरा प्रश्न तारखेचा असतो. उदाहरणार्थ, कोपरखैरणेतल्या एका चाळिशीतल्या शिक्षकाला २ जूनला सर्दी-खोकला झाला आणि १२ जूनपासून उलटीपर्यंत नेणाऱ्या उबळी येऊ लागल्या. तो ७ जुलैला डॉक्टरांकडे गेला, म्हणजे खोकल्याला पाच आठवडे झाले होते. नाकाच्या मागच्या भागातून घेतलेल्या स्वॅबची पीसीआर तपासणी पहिल्या तीन-चार आठवड्यांत भरवशाची असते. आता जिवाणू बहुतेक निघून गेलेले असल्याने ती निगेटिव्ह आली तरी त्यावरून काहीच ठरत नाही. या टप्प्यावर रक्तातील पर्टुसिस विषाविरुद्धच्या आयजीजी प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी पडते, अर्थात अलीकडे डांग्या खोकल्याचाही अंश असलेली टीडॅप लस घेतलेली नसेल तर.

डॉक्टरांनी घरच्यांची चौकशी केली तेव्हा कळले, की पत्नीला १ जुलैपासून सर्दी आणि खोकला आहे. तिचा आजार पहिल्याच आठवड्यात होता, म्हणून स्वॅब तिचा घेतला गेला आणि तो पॉझिटिव्ह आला. नवऱ्याचे निदान बायकोच्या नाकातून झाले म्हणायचे! तिला अ‍ॅझिथ्रोमायसिन दिले: पहिल्या दिवशी ५०० मिलिग्रॅम, पुढचे चार दिवस २५०. औषध सुरू केल्यापासून पाच दिवस तिने वेगळे राहायचे होते. घरात आठव्या महिन्यातली गरोदर भावजय होती. तिला लक्षणे नसतानाही तोच प्रतिबंधक कोर्स दिला गेला, कारण नवजात बाळाला या आजारात श्वास थांबण्याचा धोका असतो. स्वतः शिक्षकाला त्यातले काहीच लागले नाही. तीन आठवड्यांनंतर प्रतिजैविकाने खोकला कमी होत नाही, आणि एव्हाना तो इतरांना संसर्ग देण्याच्या टप्प्यातूनही बाहेर पडला होता.

पण त्याची थुंकी क्षयरोगासाठी तपासली गेली आणि छातीचा एक्स-रेही काढला. आपल्याकडे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे आधी टीबीची तपासणी, हा नियम डांग्या खोकल्याच्या संशयानेही सुटत नाही. ही तपासणी न करता लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकाची गोळी घेणे घातक, कारण ती टीबीच्या जंतूंना अर्धवट दाबते, रुग्णाला तात्पुरते बरे वाटते आणि निदान लांबते. दमा, आम्लपित्त आणि रक्तदाबासाठीच्या रॅमिप्रिल किंवा एनॅलाप्रिलच्या गोळ्या यांचाही विचार करावा लागतो. या गोळ्यांचा खोकला कोरडा आणि चिवट असतो, उबळीचा सहसा नसतो.

खोकल्याच्या सिरपांचा यात फारसा उपयोग होत नाही. जिवाणू गेल्यावरही त्यांच्या विषाने दुखावलेले श्वासनलिकेचे अस्तर सावरायला वेळ लागतो, म्हणून उबळी सहा ते दहा आठवडे चालू शकतात. त्यानंतरच्या काही महिन्यांत साधी सर्दी झाली तरी उबळ परत येते. तो नवा संसर्ग नसतो आणि त्यासाठी पुन्हा अ‍ॅझिथ्रोमायसिन घ्यावे लागत नाही.