अ‍ॅपमधलं सोनं आणि सराफाच्या स्कीममधलं सोनं : ग्रॅम दोन्हीकडे दिसतात, पण सोनं आहे कोणाकडे?

धनत्रयोदशी जवळ आली की नागपुरात दोन प्रकारच्या जाहिराती सुरू होतात. मोबाईलवर येतं की दहा रुपयांपासून 24 कॅरेट सोनं घ्या, आणि इतवारी, महाल, सीताबर्डीच्या दुकानांवर बोर्ड लागतात की 11 महिने हप्ता भरा, वरून बोनस ग्रॅम मिळवा. आता दुकानांचेही अ‍ॅप आलेत आणि अ‍ॅपवाल्यांच्याही महिन्याच्या योजना आल्यात, त्यामुळे लोक दोन्हीला सर्रास 'डिजिटल गोल्ड' म्हणून मोकळे होतात. काउंटरवर विचारलं तरी उत्तर हेच, "ताई, ग्रॅम जमाच होऊन राहिले ना पासबुकात, टेन्शन कायचं घेता?"

टेन्शन याचं की पासबुकात ग्रॅम लिहिले म्हणजे तेवढं सोनं कुठे ठेवलंय असं होत नाही.

आधी अ‍ॅपचं बघू. तुम्ही ज्या पेमेंट अ‍ॅपवर बटण दाबता ते बहुतेक वेळा सोनं विकतच नाही, ते फक्त काउंटर आहे. विकणारी कंपनी मागे असते, भारतात मोठी नावं तीन, एमएमटीसी-पॅम्प, ऑगमॉन्ट आणि सेफगोल्ड. सोनं विकलं की ते तिजोरी सांभाळणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे तुमच्या नावाने जमा राहतं आणि ग्राहकांच्या वतीने लक्ष ठेवायला एक ट्रस्टी नेमलेला असतो, निदान करारात तरी असं लिहिलेलं असतं. म्हणजे सोनं तुमच्या मालकीचं, त्यांच्याकडे फक्त ठेवायला.

सराफाच्या स्कीममध्ये काय होतं, तर तुम्ही दर महिन्याला दुकानदाराला ॲडव्हान्स देता. बस. बदल्यात तो वर्षाखेरीस दागिना देईन असं वचन देतो. सोनं अजून विकलेलंच नाही, कायद्याच्या नजरेत तुमचं त्याच्याकडे येणं आहे. दुकान बुडालं तर तुम्ही तारण नसलेल्या घेणेकऱ्यांच्या रांगेत, बँकेच्या मागे.

हा फरक कागदावर एका मिनिटात दिसतो आणि त्याला फार डोकं लागत नाही. जीएसटी बघा. सोन्याच्या विक्रीवर 3 टक्के जीएसटी लागतो, पण मालासाठी घेतलेल्या ॲडव्हान्सवर नोव्हेंबर 2017 पासून जीएसटी भरावा लागत नाही, तो शेवटी माल दिल्यावर लागतो. म्हणून अ‍ॅपमध्ये 5,000 रुपये टाकले की टॅक्स इनव्हॉइस येतं, त्यावर विकणाऱ्या कंपनीचं नाव, जीएसटी नंबर, एचएसएन कोड 7108, चार दशांशापर्यंत ग्रॅम आणि 3 टक्के टॅक्स असं सगळं असतं. स्कीमच्या हप्त्याच्या पावतीवर यातलं काहीच नसतं, फक्त रक्कम जमा, स्कीम नंबर अमुक, आणि फार तर बाजूला ग्रॅम. तर हप्त्याला जीएसटी लागला नसेल तर तुम्ही त्या दिवशी सोनं घेतलेलं नाही, मग पासबुक कितीही सोनेरी असो. आणि इनव्हॉइस मिळालं असेल तर त्यावरचा जीएसटी नंबर services.gst.gov.in वर टाकून बघा, लॉगिन लागत नाही, नाव कोणाचं येतं आणि नोंदणी चालू आहे का ते कळतं. जाहिरातीत एक नाव आणि बिलावर भलतंच निघालं तर विक्रेता बिलावरचाच समजायचा.

आता बोनसकडे येऊ, कारण खरी गोम तिथेच आहे.

तिजोरीत पडलेलं सोनं वीत नाही. एक ग्रॅम ठेवला तर वर्षाने एकच ग्रॅम राहतो. मग कोणी म्हणत असेल की वर्षाला 4-5 टक्के जास्तीचे ग्रॅम देतो, तर ते कुठून येऊन राहिले हे विचारायलाच पाहिजे. पहिल्या खरेदीवर एकदाच चिमूटभर सोनं फुकट देतात ते सोडा, तो जाहिरातीचा खर्च आहे. पण दरवर्षी टक्क्याने मिळणारे ग्रॅम अ‍ॅपमध्ये बहुतेक लीजमधून येतात. म्हणजे तुमचं सोनं तिजोरीतून काढून एखाद्या ज्वेलरला भाड्याने दिलं जातं, तो त्याचे दागिने करून विकतो, मुदत संपली की तेवढं सोनं परत करायचं आणि भाडंही सोन्यातच द्यायचं. यात बेकायदेशीर काही आहे असं मी म्हणत नाही, फक्त त्या काळात तुमचं सोनं तिजोरीत नसतं, ट्रस्टी तिजोरीवर लक्ष ठेवत असला तरी जे आत नाही त्याचं तो काय करणार. स्क्रीनवर मात्र ग्रॅम तसेच दिसतात! ओळखायचं कसं, तर अटींमध्ये लीज किंवा लेसी हे शब्द येतात, लॉक-इन असतो, मधेच विकता येत नाही. तेव्हा भाडेकरू ज्वेलरचं नाव आणि त्याने बँक गॅरंटी दिलीय का हे दोन प्रश्न लेखी विचारायचे. नाव सांगत नसतील तर तो प्लॅन आपल्यासाठी नाही असं माझं सरळ मत.

सराफाकडचा बोनस दुसऱ्या वाटेने येतो. त्याला वर्षभर बिनव्याजी भांडवल मिळतं आणि शेवटी गिऱ्हाईक त्याच्याच दुकानात येणार हे पक्कं असतं. आकडे मांडून बघू, हिशेब सोपा जावा म्हणून 22 कॅरेटचा भाव 9,200 रुपये ग्रॅम धरतो आणि वर्षभर हललाच नाही असं समजतो. महिन्याला 5,000, म्हणजे साधारण 0.5435 ग्रॅम, 11 महिन्यांत 5.98 ग्रॅमच्या आसपास. बोनस अर्धा ग्रॅम, त्याची किंमत 4,600. एकूण झाले 6.48 ग्रॅम, किंमत साधारण 59,600. आता यावर मजुरी. समजा तसाच दागिना शेजारच्या दुकानात 8 टक्के मजुरीने मिळतो, म्हणजे 4,770, आणि स्कीमवाल्याने 20 टक्के लावली तर 11,920. फरक 7,150. बोनस 4,600 चा होता ना? त्यामुळे स्कीममध्ये नाव टाकताना मजुरीचा टक्का पासबुकावर लिहून घ्या, बोनसवर मजुरी माफ आहे का तेही, आणि बोनस ग्रॅम कोणत्या कॅरेटचे. 22 कॅरेटचा अर्धा ग्रॅम म्हणजे शुद्ध सोनं 0.458 ग्रॅमच, अ‍ॅपच्या 24 कॅरेट ग्रॅमशी त्याची बरोबरी लावता येत नाही.

अ‍ॅपही काही धर्मादाय नाही बरं. तिथे ग्रॅमचा खरेदी भाव 10,000 असेल तर 5,000 मधले 3 टक्के जीएसटीत जाऊन 0.4854 ग्रॅम मिळतात. विक्रीचा भाव 9,700 धरला तर त्याच मिनिटाला विकून हातात 4,709 येतील. म्हणजे भाव 6 टक्क्यांहून जरा जास्त वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. ही किंमत तुम्ही सोनं खरोखर कोणीतरी वेगळं सांभाळतंय यासाठी देता, म्हणून ते सांभाळतंय का हे तपासायचा हक्कही वसूल करायचा.

स्कीममधली सगळ्यात धोक्याची गोष्ट मात्र मजुरी नाही. दोन जाती आहेत, पैसे जमा होणारी आणि ग्रॅम जमा होणारी. पैसेवालीत भाव वाढला तर नुकसान तुमचं. ग्रॅमवालीत भाव वाढला तर भार दुकानदारावर, ऐकायला मस्त वाटतं. पण समजा त्याने सगळ्या मेंबरांचे मिळून एक किलोचे ग्रॅम पासबुकांत लिहिले, 92 लाख घेतले, आणि त्या त्या दिवशी सोनं घेऊन ठेवायच्या ऐवजी पैसा दुसऱ्या शोरूममध्ये नाहीतर वर्धा रोडच्या प्लॉटमध्ये घातला. भाव 30 टक्के चढला की तेच एक किलो द्यायला जवळपास 1 कोटी 20 लाख लागतात. आता हे 28 लाख कुठून आणायचे, तर नव्या मेंबरांच्या हप्त्यांतून. म्हणून सोनं झपाट्याने चढत असतं तेव्हा ग्रॅमच्या स्कीमकडे जास्त संशयाने बघायचं, आणि अशा वेळी डिलिव्हरीला तारखा पडायला लागल्या, 'डिझाईन यायचंय', 'पुढच्या महिन्यात या', किंवा बोनस अचानक वाढवून नवे मेंबर गोळा करायला भिशीतल्या बायकांना कमिशन द्यायला लागले, तर समजून जा.

11 महिनेच का, हा प्रश्न लोक विचारत नाहीत. कंपनी असेल तर मालासाठीचा ॲडव्हान्स 365 दिवसांत मालात जिरवावा लागतो, नाहीतर 2014 च्या नियमांप्रमाणे ती ठेव धरली जाते. म्हणून कोणी 18 किंवा 24 महिन्यांची सोन्याची स्कीम घेऊन आला की तिथेच थांबायचं. दुकान प्रोप्रायटरचं असेल तर कंपनी कायदा लागत नाही, पण 2019 चा अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाण्याकडची दुकानं एकाएकी बंद झाली तेव्हा महिन्याच्या स्कीमवाले आणि ठेववाले दोघेही रस्त्यावर आले, गुन्हे दाखल झाले ते ठेवीदारांच्या संरक्षणासाठी असलेल्या महाराष्ट्राच्या 1999 च्या एमपीआयडी कायद्याखालीही.

आणि अ‍ॅपवर सरकारी छत्र आहे असंही समजू नका. सेबीने नोव्हेंबर 2025 मध्ये स्पष्ट सांगितलं की डिजिटल गोल्ड त्यांच्या देखरेखीत येत नाही. शेअर बाजारात विकत मिळणारं गोल्ड ईटीएफ येतं, हे येत नाही. ट्रस्टी, तिजोरी, ऑडिट हे सगळं कंपनीने स्वतः केलेल्या करारावर उभं आहे. म्हणून अटींमध्ये ट्रस्टीचं आणि तिजोरीवाल्याचं नाव शोधायचं, 'आघाडीची ट्रस्टी कंपनी' असं गोलमोल चालत नाही, नाव पाहिजे. नाव मिळालं की ट्रस्टी कंपनीला ईमेल करून विचारा की तुम्ही या विक्रेत्याच्या ग्राहकांसाठी आहात का. काही विक्रेत्यांच्या स्वतःच्या साईटवर तोच मोबाईल नंबर टाकून शिल्लक दिसते, तिथे आकडा जुळला म्हणजे निदान तुमची खरेदी काउंटरवाल्याकडेच अडकलेली नाही.

रक्कम मोठी व्हायच्या आत एकदा छोटं नाणं घरी मागवून बघा, अर्धा किंवा एक ग्रॅमचं. नाण्याचा आणि डिलिव्हरीचा चार्ज लागतो, तो जाऊ द्या. किती दिवसांत येतं आणि पाकिटावर कोणाचं नाव आहे हे बघायचं.

स्कीममध्ये आधीच अर्ध्यात असाल तर घाईघाईत बंद करू नका, मधेच सोडलं की बोनस जातो आणि काही ठिकाणी रोख परतही देत नाहीत, मालच घ्या म्हणतात. पण पुढचा हप्ता भरायच्या आधी पासबुकाच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, हप्ते रोख न देता यूपीआयने भरा म्हणजे पैसे कोणाच्या खात्यात गेले ते दिसेल, खातं फर्मच्याच नावाचं आहे का बघा. मुदत संपली की महिनाभर थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दागिना घ्या, बीआयएस केअर अ‍ॅपवर त्याचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेला हॉलमार्कचा नंबर, तिथेच काउंटरवर तपासा. तारखा द्यायला लागले तर लेखी मागणी करा आणि नाहीच दिलं तर सरळ पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा, पासबुक आणि यूपीआयच्या नोंदी घेऊन.