ताणा आणि बाणा: हातमागाचं कापड घेताना कुणाला काय विचारायचं

बेलापूरच्या अर्बन हाटात किंवा ठाण्यातल्या एखाद्या हातमाग प्रदर्शनात ‘कॉटन-सिल्क’ अशी चिठ्ठी लावलेला तागा हातात घेतला की विक्रेता सहज सांगून जातो, “ताई, ताणा सिल्कचा आहे, बाणा कॉटनचा.” आपण मान डोलावतो आणि रंगाकडे वळतो. खरं तर त्या एका वाक्यात कापड अंगावर कसं पडेल, धुतल्यावर किती आटेल आणि शिवण कुठे दगा देईल, याचा निम्मा हिशोब आलेला असतो.

ताणा म्हणजे कापडाच्या लांबीत जाणारे उभे धागे. विणायला बसण्याआधीच ते सगळे फणीतून ओवून मागावर घट्ट ताणलेले असतात. बाणा म्हणजे त्यांच्यामधून धोट्याबरोबर या काठापासून त्या काठापर्यंत जाणारा आडवा धागा. ओळखायला सोपं आहे: काठ ज्या दिशेने धावतो तो ताणा. साडीच्या पदराला लोंबणाऱ्या दशा म्हणजे ताण्याचीच टोकं. काठ नसलेला तुकडा असेल तर दोन्ही दिशांनी हलकेच ओढून पाहा. साधारणपणे ताण्याच्या दिशेने कापड कमी सैल पडतं.

मागावर ताण सोसावा लागतो तो ताण्याला. दर फेरीला तो वरखाली होतो, फणीचे दात त्याला घासत राहतात. म्हणून तो धागा मजबूत लागतो, आणि सुती असेल तर त्याला आधी खळ द्यावी लागते. बाण्याला एवढं काही सोसावं लागत नाही. तो जाड, मऊ, कमी पिळाचा असला तरी चालतो. महेश्वरीत रेशमी ताणा आणि सुती बाणा असतो. रेशमाचा अखंड, चिवट तंतू ताण्यात बसतो आणि सुतामुळे कापडाला अंगावर गारवा येतो. आपल्याकडच्या हिमरूत हे उलटं आहे. तिथे सुती ताण्यावर रेशमाच्या बाण्याने नक्षी काढतात, कारण तिथे रेशीम दिसायला हवं असतं. म्हणजे ‘कॉटन-सिल्क’ असं नुसतं म्हटल्याने काहीच कळत नाही; कुठलं कशात आहे ते विचारायला हवं.

आता कुणी फारसं न सांगणारी गोष्ट. ताणा एकदाच ठरतो. फणीतून किती धागे ओवले, ते कोणते, हे मागावर चढवतानाच पक्कं होतं आणि मग पूर्ण ताण्यावर तेच राहतं. बाणा मात्र इंचाइंचाला ठरत जातो. फणी जोरात ठोकली तर धागे दाट बसतात, हलकी ठोकली तर विरळ. विरळ कापड लवकर विणून होतं आणि सूतही कमी लागतं. त्यामुळे काटकसर करायची झाली तर ती बहुधा बाण्यात होते. ताण्याबद्दल ‘काय आहे’ हे विचारावं आणि बाण्याबद्दल ‘किती आहे’ हे स्वतः पाहावं, असं माझं मत आहे.

पाहायचं कसं? समजा, कुर्त्यासाठी अडीच मीटरचे दोन तुकडे समोर आहेत. दोन्हींचा ताणा रेशमी, बाणा सारख्याच जाडीचा सुती, भावही जवळपास सारखा. काठालगत एक इंच मोजा, मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा आणि त्या इंचातले आडवे धागे मोजा. एकात 64 निघाले आणि दुसऱ्यात 48. अडीच मीटर म्हणजे साधारण 98 इंच. म्हणजे दुसऱ्या तुकड्यात धोट्याच्या सुमारे दीड हजार फेऱ्या कमी झाल्या. दुकानात दोन्ही तुकडे सारखेच कडक लागतील, कारण मोकळ्या जागा खळीने भरलेल्या असतात. पहिल्या धुण्यात खळ गेली की दुसरा तुकडा लुळा पडतो.

याचा फटका शिवणीला बसतो. कुर्त्याची बाजूची शिवण उभी, म्हणजे ताण्याला समांतर जाते आणि बसता-उठता कापड आडवं ओढलं जातं. रेशमी धागा गुळगुळीत, त्याला धरून ठेवणारा बाणा विरळ. मग शिवणीलगतचे उभे धागे सरकतात आणि मध्ये नुसत्या आडव्या सुतांची जाळी उरते. धागा तुटलेला नसतो, त्यामुळे रफूही नीट होत नाही. खरेदीआधीच तपासायचं तर काठ उभा धरा, दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड बाजूंना हलकं ताणा आणि सोडा. मध्ये उभी फट राहिली, तर ते कापड अंगासरशी शिवायच्या कामाचं नाही. दुपट्टा किंवा ओढणी करायला हरकत नाही. तरीही कुर्ताच हवा असेल तर शिंप्याला शिवणीत जास्त कापड सोडायला आणि अस्तर लावायला सांगा.

मात्र हा आकडा फक्त सारख्या जाडीच्या धाग्यांतच जुळवून पाहायचा. जाड सुताच्या खादीत इंचाला धागे कमी असणं हा दोष नव्हे, आणि चंदेरीची पारदर्शकता तर मुद्दामच आणलेली असते.

रेशीम खरं आहे का, हे पाहायला कापलेल्या टोकाचा एक उभा आणि एक आडवा धागा मागून घ्या. चांगला विक्रेता देतो. दोन्ही वेगवेगळे जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. सूत कागदासारखं जळतं, पण व्हिस्कोसही तसंच जळतं, त्यामुळे या दोघांतला फरक या कसोटीने कळत नाही. हँडलूम मार्क कापड हातमागाचं असल्याचं सांगतो. उभा धागा कशाचा, आडवा कशाचा हे तरीही विचारावंच लागतं.

रंगाचं गणितही यातच आहे. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा असला की कापड हलवताना धूपछाव दिसते. पैठणीत ही आपल्या ओळखीची आहे. म्हणून असं कापड घडी घातलेलं पाहून घेऊ नये, खांद्यावर टाकून चुण्या पाडून पाहावं. एरवी साडीचा पदर वेगळ्या रंगाचा करायला विणकर फक्त बाणा बदलतो, मग अंगाच्या ताण्याचा रंग पदरात डोकावत राहतो. इरकलीचा पदर एवढा गडद लाल दिसतो, कारण तिथे पदराचा ताणाच वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला गुंतवून जोडलेला असतो. पदर जिथे सुरू होतो तिथे साडी उलटी करून पाहा, जोडाची ती आडवी ओळ दिसते.

उरला आटण्याचा प्रश्न. मागावर ताणलेला सुती ताणा पाण्यात सैलावतो, त्यामुळे कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं. 5 टक्के जरी आटलं तरी अडीच मीटरमागे साडेबारा सेंटिमीटर जातात, म्हणजे बाहीची सोय गेली. ताणा आणि बाणा दोन्ही सुती असतील तर पाव मीटर जास्त घ्या आणि शिंप्याकडे द्यायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा.