पँटचे प्रकार : राइज, पाय आणि फॉल

चिनो, क्युलॉट, पलाझो, जोधपुरी हे पँटचे प्रकार रंगावरून किंवा नक्षीवरून ठरत नाहीत. कापड शरीरावर कुठे टेकते, कुठून सुटते आणि सुटल्यावर कसे खाली येते, यावरून हे प्रकार वेगळे होतात. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली राइज, म्हणजे दोन्ही पायांच्या शिवणी जिथे मिळतात त्या बिंदूपासून कमरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर. शिंपी या भागाला आसन म्हणतात. दुसरी पायाचा आकार : मांडी, गुडघा आणि पायाच्या खालच्या टोकाची मोहरी या तीन ठिकाणच्या रुंदीचे एकमेकींशी असलेले नाते. तिसरी फॉल, म्हणजे कापड स्वतःच्या वजनाने कसे लोंबते.

राइज पुढून आणि मागून वेगवेगळा असतो. बसताना मागच्या बाजूला जास्त कापड लागते, म्हणून मागचा राइज पुढच्यापेक्षा साधारण ८ ते १२ सेंमी जास्त ठेवतात. आसन कमी पडले की पुढे मांड्यांच्या सांध्यापासून बाजूला जाणाऱ्या तिरक्या सुरकुत्या दिसतात आणि बसल्यावर मागची पट्टी खाली ओढली जाते. ते गरजेपेक्षा खोल गेले तर कापड मांड्यांच्या मध्ये लोंबते आणि पाऊल आखूड पडते. पायाची रुंदी वाढवून हा दुसरा दोष जात नाही, उलट तो झाकला जाऊन शोधायला कठीण होतो.

तुलनेसाठी आधी चिनो घेणे सोयीचे, कारण तिच्यात काहीच टोकाचे नसते. सुती ट्विल कापड, मध्यम राइज, मांडीपासून मोहरीपर्यंत सरळ किंवा किंचित निमुळता होत जाणारा पाय, तिरके खिसे आणि दिसू नयेत अशा बेताने घातलेल्या बाजूच्या शिवणी. ट्विलच्या विणीतल्या तिरक्या रेघांमुळे कापड घट्ट असूनही वळते. त्यामुळे पाय नळीसारखा ताठ राहत नाही आणि अंगालाही चिकटत नाही. चिनोचा फॉल मोहरीपाशी तपासावा. बुटावर टेकताना पुढे एक हलकी घडी पडली तर लांबी नेमकी आहे, दोन-तीन घड्या साचल्या तर ती जास्त आहे. धुतल्यावर बाजूची शिवण पिळवटून नडगीवर येत असेल तर पाय कापताना सरळ धागा पायाच्या मध्यरेषेवर धरलेला नव्हता असे बहुधा समजावे. इस्त्रीने हा दोष जात नाही.

जोधपुरी पँटीत हेच नाते उलटे होते. मांडीला मोठा घेर, गुडघ्यापाशी एकदम आवळ आणि तिथून घोट्यापर्यंत पोटरीला बिलगलेला पाय. हा आकार शोभेसाठी आलेला नाही. घोड्यावर बसलेल्या माणसाचे गुडघे आणि नितंब सतत वाकलेले असतात. न ताणणाऱ्या कापडात तेवढी हालचाल सामावायची तर मांडीपाशी सैल कापड ठेवण्यावाचून उपाय नव्हता. पोटरीपाशी मात्र सैल कापड खोगिराच्या पट्ट्यांत घासून कातडी सोलते, म्हणून खालचा भाग घट्ट. गुडघ्याच्या आतल्या बाजूला त्याच कारणाने जाड ठिगळ असते. जोधपूर संस्थानचे सर प्रताप सिंह १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवासाठी इंग्लंडला गेले, तेव्हापासून ही पँट तिथल्या पोलो खेळाडूंत रुजली. घोडेस्वारीची दुसरी पँट, ब्रीचेस, पोटरीवरच संपते आणि उंच बुटात खोचली जाते. जोधपुरी घोट्यापर्यंत येते, म्हणून तिच्यासोबत घोट्याएवढे बूट पुरतात. पुढे ताणणारी कापडे आली आणि मांडीचा घेर अनावश्यक झाला. आजची स्वारीची जोधपुरी वरपासून खालपर्यंत अंगासरशी असते. घेर नाही म्हणून ती जोधपुरी नव्हे, असे म्हणता येत नाही.

खरी गल्लत होते ती क्युलॉट आणि पलाझो यांच्यात. दोन्हींचा पाय रुंद, दोन्ही कमरेवर उंच बसणाऱ्या, आणि फक्त लांबीने त्या वेगळ्या होतात असा समज पक्का आहे. लांबी हा यातला सर्वांत कच्चा पुरावा आहे. क्युलॉट मुळात दोन भागांत विभागलेला स्कर्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल आणि घोड्यावर बसणाऱ्या स्त्रियांसाठी असे स्कर्ट शिवले जात. उभे राहिल्यावर दोन पाय वेगळे दिसू नयेत, ही तिची अट. त्यासाठी आसनाच्या वळणाचे टोक, शिंपी ज्याला काटा म्हणतात, ते पुढून लांब ठेवावे लागते. नितंबाचे माप ९६ सेंमी असेल तर साध्या पँटीचा पुढचा काटा सुमारे ६ सेंमी निघतो, क्युलॉटचा १० सेंमीच्या आसपास. आसनही शरीरापासून २-३ सेंमी खाली सोडतात. पुढे मध्यावर बहुधा उलटी चुणी असते. तीच पायांमधली फट झाकते.

पलाझो ही पँटच आहे, फक्त तिचा घेर नितंबापासून मोहरीपर्यंत सलग वाढत जातो. गुडघ्यापर्यंत घट्ट राहून मग फाकते ती बेलबॉटम, पलाझो नव्हे. १९६० च्या सुमारास इटलीत इरेन गालित्झिन यांनी केलेल्या पलाझो पायजम्यांमुळे हा आकार संध्याकाळच्या पोशाखात आला. तिला क्रेप, रेयॉन, जर्सी अशी मऊ, थोडी वजनदार कापडे लागतात. घेर सारखा पसरून उभ्या सळांत पडायला हवा.

समजा, एक बिनलेबलची पँट समोर आहे : आतली लांबी ४८ सेंमी, पुढचा राइज ३२. पसरून मोजली तर मांडी ३८, गुडघा ४३, मोहरी ४६. पोटरीवर संपते म्हणून तिला क्युलॉट म्हणण्याचा मोह होतो. पण घेर सलग वाढतो आहे, एवढ्यावरून काही ठरत नाही, कारण दोन्हींत तो वाढतोच. आता एक पाय दुसऱ्यात घालून आसनाची शिवण उघडी करावी आणि पुढचा काटा मोजावा. तो ६ सेंमी निघाला, मध्ये चुणी नाही आणि टांगल्यावर दोन पायांत उभी फट दिसली, तर ही आखूड पलाझो आहे. १० सेंमी निघाला आणि टांगलेली पँट स्कर्टसारखी दिसली, तर क्युलॉट.

ही कसोटी कापडापाशी मात्र अडते. क्युलॉट पातळ शिफॉनमध्ये शिवली तर काटा बरोबर असूनही कापड पायांच्या मध्ये शिरते आणि स्कर्टचा भास मोडतो. पलाझो ताठ लिननमध्ये शिवली तर सळ पडत नाहीत, पाय दोन शंकूंसारखे उभे राहतात. अशा वेळी बेत एका प्रकारचा आणि दिसणे दुसऱ्याचे होते, आणि नाव बेतावरून ठरवावे हेच मला योग्य वाटते. पलाझोच्या बाबतीत आणखी एक काळजी लागते. घेरदार पायाच्या कडा उरेब, म्हणजे तिरक्या, धाग्यावर येतात आणि वजनाने हळूहळू ताणल्या जातात, म्हणून शिवलेली पलाझो मोहरी न दुमडता एक दिवस टांगून ठेवतात, मग जमिनीपासून सारखे अंतर मोजून खालची कड कापतात. लगेच दुमडली तर काही वापरांनंतर बाजूची कड मधल्या भागापेक्षा खाली उतरलेली दिसते.